सीन चौदा

शनिवार, रात्रीचे ९ वाजून ४० मिनिटं. हा या हकिकतीतला शून्य तास. चोआ चू कांगमधल्या एका सरकारी वसाहतीत, इमारतीखालच्या मोकळ्या खांबांच्या जागेत आमच्या मराठी लघुपटाचं शूटिंग त्या मिनिटाला थांबलं. सिंगापूरमध्ये या जागेला व्हॉइड डेक म्हणतात. काम थांबलं तिथे, पण बिघडलं होतं तीन आठवडे आधी, माझ्या जेवणाच्या टेबलावर, एका तक्त्याच्या रिकाम्या राहिलेल्या चौकटीत. म्हणून तास तिथून मोजते.

५०४ तास आधी

शनिवारची रात्र. मुलं झोपल्यावर मी पटकथा, पट्टी आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसले. मुंबईत मालिकांसाठी सहायक दिग्दर्शक म्हणून काम केलेलं, त्यामुळे ब्रेकडाउन माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. गोष्ट साधी होती. सांगलीहून आलेले आजोबा, इथेच वाढलेला नऊ वर्षांचा नातू ओम, आणि दोघांना एकमेकांची भाषा नीट येत नाही. बावीस सीन, चोवीस पानं. आजोबांचं काम आमच्या एका मित्राचे वडील करणार होते. मानधन कोणालाच नव्हतं.

ब्रेकडाउन म्हणजे पटकथा गोष्ट म्हणून वाचणं थांबवायचं आणि सामान म्हणून वाचायला लागायचं. आधी प्रत्येक पानाचे पट्टीने आठ भाग करायचे. सीन किती लांब, हे पानाच्या आठव्या हिश्शांत मोजतात. मग पेन्सिली. जुन्या रीतीने पात्रं लाल, गर्दी हिरवी, हातातल्या वस्तू जांभळ्या, वाहनं आणि जनावरं गुलाबी, स्पेशल इफेक्ट निळे. कपड्यांभोवती गोल, खास उपकरणांभोवती चौकट. आता हे संगणकावर होतं, पण मला कागदावरच सुचतं. रंगवून झालं की प्रत्येक सीनचा एक स्वतंत्र तक्ता. वर सीन नंबर, आत की बाहेर, दिवस की रात्र, गोष्टीतला कितवा दिवस. खाली चौकटी : कलाकार, ड्रेस, प्रॉपर्टी, वाहनं, मेकअप, खास गरजा. बजेट या तक्त्यांतून निघतं, शेड्युलही यांतूनच. जे तक्त्यात नाही त्याला पैसा मिळत नाही, माणूस मिळत नाही, आणि त्याची परवानगीही कोणी मागत नाही.

पहिल्या रात्री बारा सीन झाले आणि ते चांगले झाले. सीन अकरामध्ये एवढंच वाक्य होतं : ‘आजोबा भिजून घरी येतात.’ त्यावरून मी लिहिलं, पांढरा सदरा-लेंगा तीन जोड, कारण दुसऱ्या टेकला कोरडा जोड लागणार, दोन टॉवेल, न घसरणाऱ्या चपला, दाराबाहेर पाण्याची बादली आणि फरशी पुसायला एक माणूस, पाण्याजवळ लाइटच्या वायरी नकोत. वाक्यात यातला एकही शब्द नव्हता. ब्रेकडाउन करणाऱ्याचं खरं काम हेच असतं. लिहिलेले शब्द कोणीही रंगवतो. न लिहिलेली बादली दिसावी लागते.

४८० तास आधी

रविवारी रात्री उरलेले दहा सीन. पहिल्या सीनची सुरुवात होती, ‘उंचावरून दिसणारी वसाहत’. कॅमेरामनने समासात ‘ड्रोन’ लिहून ठेवलं होतं. ते मी आदल्या रात्रीच चौकटीत घेतलं होतं, आता नकाशा उघडून पाहिला. चोआ चू कांगच्या पश्चिमेला तेंगाह हा हवाई दलाचा तळ आहे आणि विमानतळ किंवा हवाई तळापासून पाच किलोमीटरच्या आत परवान्याशिवाय ड्रोन उडवता येत नाही. आमची इमारत त्या वर्तुळात बसत होती. मी ड्रोनवर काट मारली आणि लिहिलं, ‘बहुमजली पार्किंगच्या गच्चीवरून, तिपाईवर’. असाच एलआरटीच्या डब्यातला सीन पुलाखाली आणला, म्हणजे गाडी फक्त मागून जाताना दिसेल. या दोन काटांनी किती धावपळ वाचली हे मला माहीत होतं, आणि रात्री साडेअकराला मी समाधानाने सीन चौदाकडे वळले.

सीन चौदा, बाहेर, रात्र, व्हॉइड डेक. पानाचा दोन अष्टमांश. मजकूर असा :

‘आजोबा खांबांमधून ओमला शोधतायत. ओम मागून उडी मारतो. “हँड्स अप!” आजोबा दचकतात, हात वर करतात. दोघंही हसतात.’

मी कलाकार दोघं लाल केले. ड्रेसला सीन तेराचीच कंटिन्यूइटी लिहिली. ‘उडी’पाशी थांबून खास गरजांमध्ये ‘मुलाला गुडघ्याचे पॅड, पँटच्या आतून’ असं लिहिलं. प्रॉपर्टीच्या चौकटीत आडवी रेघ मारली. जांभळ्या पेन्सिलीने रंगवण्याजोगं नामच त्या चार ओळींत नव्हतं. वस्तू क्रियापदात लपली होती, त्याहूनही संवादात. ‘हँड्स अप’ म्हणणाऱ्या मुलाच्या हातात काहीतरी असणार, हे वाक्य ऐकलं असतं तर लगेच कळलं असतं. मी ते ऐकलं नाही, नुसतं पाहिलं.

पिस्तूल पटकथेत होतं, पण पाच सीन आधी. सीन नऊ, आत, दिवस, ओमची खोली : ‘खेळण्यांचा डबा. गाड्या, बॉल, पिस्तूल.’ तिथे मी ते नोंदलं, सेट ड्रेसिंग म्हणून, डब्यातल्या बाकी खेळण्यांबरोबर. नोंद बरोबरच होती. सेटवर नुसतं पडून असतं ते ड्रेसिंग, कलाकार हातात घेतो ती प्रॉपर्टी. डब्यातलं पिस्तूल ड्रेसिंगच. तेच पिस्तूल पाच सीन चालत जाऊन रात्री सार्वजनिक जागेत मुलाच्या हातात येतं तेव्हा ते प्रॉपर्टीसुद्धा राहत नाही, त्याचं शस्त्र होतं, आणि शस्त्राची चौकट वेगळी असते. वस्तू तीच, चौकटी तीन. तो प्रवास माझ्या कागदावर उमटलाच नाही.

३३६ तास आधी

तक्ते पूर्ण झाल्यावर एक काम उरतं. सगळी माहिती उलटी करायची. सीनवार यादीवरून वस्तूवार यादी काढायची, म्हणजे प्रत्येक वस्तूसमोर ती ज्या-ज्या सीनमध्ये येते त्यांचे नंबर. छत्री : ३, ११, १९. आजोबांचा चष्मा : सगळे सीन, शिवाय तुटला तर एक जास्तीचा. या यादीत एकाच सीनचा नंबर असलेली प्रत्येक वस्तू संशयास्पद धरायची असते. पटकथाकाराने पिस्तूल एकदाच, तेही डब्यात, का लिहिलं? ते पुढे कुठेतरी बाहेर येणार म्हणूनच लिहिलं. यादी काढली असती तर ‘पिस्तूल : ९’ ही ओळ डोळ्यांत भरली असती आणि मी लेखकाला फोन केला असता.

मी यादी काढली नाही. बजेट त्याच रात्री पाठवायचं होतं आणि बावीस सीनच्या फिल्मला वस्तूवार यादी कशाला, असं वाटलं. सीनवार तक्त्यांवरूनच आकडे बसवले. खेळण्यांचा डबा, एकूण चाळीस डॉलर. त्या चाळीस डॉलरमध्ये पिस्तूल होतं.

२४० तास आधी

बुधवार. व्हॉइड डेक वापरण्यासाठी अर्ज लिहायला घेतला. किती माणसं, किती वाजेपर्यंत, वीज कुठून, काय चित्रित करणार. हा मजकूर मी माझ्या तक्त्यांवरून उतरवला. दोन कलाकार, एक अल्पवयीन, सोबत पालक. कौटुंबिक संवादाचा प्रसंग. मोठा आवाज नाही, धूर नाही, वाहन नाही, हत्यार नाही. परवानगी आली आणि मी ती प्लास्टिकच्या पाकिटात घालून फाइलला लावली.

त्या अर्जात मी खोटं लिहिलं नव्हतं. तक्त्यात जे होतं ते लिहिलं. तक्त्यातली चूक कागदाकागदांतून पुढे जाते तेव्हा प्रत्येक टप्प्यावर ती जास्त खरी दिसायला लागते. पहिल्या कागदावर ती नुसती आडवी रेघ होती. बजेटमध्ये ती शून्य रक्कम झाली. अर्जात ती ‘हत्यार नाही’ अशा स्पष्ट शब्दांत उतरली, खाली सहीसकट.

खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक हा सिंगापूरमध्ये पोलिसांच्या परवानगीचा विषय आहे. चित्रीकरणासाठी वापरायची तर आधी कळवावं लागतं, जबाबदार माणसाच्या ताब्यात ठेवावी लागते. हे मला माहीत होतं. ड्रोनचा नियम माहीत होता तसाच.

२७ तास आधी

शुक्रवार, संध्याकाळचे पावणेसात. आर्ट सांभाळणारा मुलगा सामानाच्या पिशव्या घेऊन आमच्याकडे आला. डब्यातलं पिस्तूल केशरी प्लास्टिकचं होतं, टोकाला हिरवं. दिग्दर्शकाने ते हातात घेतलं आणि म्हणाला, “हे फार खोटं दिसतंय रे. आजोबा दचकले पाहिजेत ना. काळं करून टाक.”

दिग्दर्शकाच्या डोक्यात सीन चौदा पहिल्यापासून पिस्तुलासकट होता. आर्टवाल्याच्या डोक्यातही होता, कारण त्याने मूळ पटकथा वाचली होती. माझ्या तक्त्यात तो नव्हता, आणि परवानग्या माझ्याकडे होत्या. मी तेव्हा स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवसाच्या साठ सँडविचचा हिशोब करत होते. त्याने बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं आणि मॅट काळ्या स्प्रेचे दोन हात मारले. रंगाचा वास हॉलभर पसरला. मी खिडकी उघडली आणि विचारलंसुद्धा नाही की काय रंगवतोयस.

तक्त्यात ‘पिस्तूल, सीन १४’ अशी एक ओळ असती तर रंगाचा विषय निघाल्यावर ती माझ्याकडे आली असती. शस्त्राच्या वस्तूत झालेला प्रत्येक बदल परवानगी पाहणाऱ्याला कळवायचा, हा साधा नियम आहे. ओळच नव्हती, तर कळवणार कोण आणि कोणाला?

७ तास आधी

शनिवार दुपार. पाऊस आला तसा गेला. कॉल शीट सगळ्यांच्या फोनवर गेली होती. सीन चौदासमोर प्रॉपर्टी : आडवी रेघ.

इथे मला दादासाहेब फाळक्यांची हकिकत सांगायला हवी, कारण त्या रात्रीनंतर ती माझ्या मनातून गेलेली नाही. १९१२ साली ‘राजा हरिश्चंद्र’चं बाहेरचं चित्रीकरण वांगणीला झालं, मुंबईपासून दूर, तेव्हाच्या खेड्यात. तलवारी-भाले घेतलेली माणसं गावात शिरलेली पाहून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले. मंडळींना धरून ठेवलं गेलं आणि फाळक्यांनी हे सगळं कशासाठी आहे ते समजावून दिल्यावर सुटका झाली. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मुळे हा काळ नव्या पिढीलाही माहीत झाला. आपण तो किस्सा हसून सांगतो. पण त्या गावकऱ्यांच्या जागी उभं राहून बघा. त्यांना कॅमेरा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांना दिसल्या त्या फक्त तलवारी. तलवार पुठ्ठ्याची की पोलादाची, हे लांबून कळत नाही.

३ तास आधी

संध्याकाळी पावणेसातला आम्ही डेकवर पोहोचलो. सातच्या सुमारास इथे सूर्य मावळतो आणि मग पाहता पाहता अंधार होतो. सीन तेरा उजेडात संपवायचा होता, तो संपला. सायकली ठेवायच्या जागेजवळ दोन आज्या बसून बघत होत्या. एकीने ओमला खाऊ दिला. मित्राचे वडील छान काम करत होते. मंगळवारच्या विमानाने ते परत जाणार होते, आणि ती तारीख मात्र मी प्रत्येक तक्त्यावर लाल शाईने लिहिली होती.

१ तास आधी

साडेआठनंतर सीन चौदाचं लाइटिंग. कॅमेरामनला खांबांच्या लांब सावल्या हव्या होत्या, म्हणून डेकचे दोन दिवे झाकले आणि एकच लाइट लांबून मारला. कॅमेरा त्याने दूर, कठड्यामागे नेला आणि लांब लेन्स लावली. दृश्य सुंदर दिसत होतं. पण समोरच्या इमारतीतून पाहणाऱ्याला आता कॅमेरा दिसत नव्हता, माणसांचा घोळका दिसत नव्हता. अर्धवट अंधारात फक्त दोन आकृत्या दिसत होत्या.

शस्त्र असलेल्या सीनला कॉल शीटवर काही माणसं आपोआप येतात. वस्तू ताब्यात ठेवणारा एक, दोन्ही टोकांना येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगणारे दोघं, लिफ्टजवळ आणि समोरच्या इमारतीत चिकटवायच्या सूचना, आणि आधीच कळवलेलं पोलीस ठाणं. आमच्याकडे लिफ्टजवळ एकच मुलगी उभी होती, ‘शांतता राखा’ असा कागद धरून.

२० मिनिटं आधी

तालीम. ओमचं काम करणारा मुलगा रिकाम्या हाताने उडी मारत होता. पॅड नीट बसलेत ना, हे मी स्वतः वाकून पाहिलं. त्याच्या हाताकडे मी पाहिलं नाही.

२ मिनिटं आधी

आर्टवाल्याने पिशवीतून वस्तू काढून मुलाच्या हातात दिली. मी मॉनिटरजवळ होते. छोट्या पडद्यावर, लांब लेन्समधून, मला पहिल्यांदा ती दिसली. काळी, मॅट, जड वाटणारी. “हे काय आहे?” असं मी म्हटलं, पण तेवढ्यात “रोलिंग” झालं होतं आणि आवाजाच्या सीनमध्ये बोलायचं नसतं ही सवय हाडीमाशी भिनलेली. मी तोंड मिटलं. त्या दोन मिनिटांचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

शून्य

पहिला टेक. दुसरा टेक. दुसऱ्या टेकमध्ये आजोबा खरोखर दचकले, हात वर झाले आणि दिग्दर्शकाने ‘कट’ म्हणायला वेळ घेतला, कारण समोर जे घडत होतं ते त्याला हवं होतं तसंच होतं. समोरच्या इमारतीतून कोणीतरी ९९९ ला फोन केला होता. कोणी, ते आम्हाला कळलं नाही. अंधारात हात वर केलेला म्हातारा आणि त्याच्यावर रोखलेलं काळं काहीतरी दिसल्यावर माणसाने जे करायला हवं तेच त्याने केलं.

पोलिसांचा आवाज शांत होता. वस्तू जमिनीवर ठेवा, मागे या. मुलाने ती लगेच खाली ठेवली आणि आईकडे पळाला. आजोबांचे हात मात्र वरच होते. त्यांना इंग्रजी नीट कळत नव्हतं आणि ‘कट’ कोणी म्हटलंच नव्हतं. सीन चालू आहे की संपला, हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. मी जवळ जाऊन “काका, हात खाली घ्या” म्हटलं तेव्हा त्यांनी आधी पोलिसांकडे पाहिलं आणि मग हात हळूच उतरवले. हात थरथरत होते. मुलगा आईच्या कुशीत तोंड खुपसून विचारत होता, “मी काय केलं?”

मग कागद. प्लास्टिकच्या पाकिटातली परवानगी मी दिली. अधिकाऱ्याने ती दिव्याखाली धरून वाचली आणि ‘हत्यार नाही’ या ओळीवर बोट ठेवलं. सही माझी होती. वस्तू एका पिशवीत गेली. रंग अजून पुरता वाळला नव्हता, त्यामुळे पिशवीच्या आतल्या बाजूला काळा डाग उमटला. सगळ्यांची नावं, ओळखपत्रं, जबाब. शूटिंग बंद. परवानगी ज्या माहितीवर मिळाली ती माहितीच चुकीची होती, तेव्हा जागाही गेली. जवळ जवळ तीन तास उभारलेलं सगळं अर्ध्या तासात गाडीत भरलं.

४ तासांनंतर

रात्री पावणेदोनला मी पुन्हा टेबलाशी बसले. झोप येणं शक्यच नव्हतं. सीन चौदाचा तक्ता काढला आणि प्रॉपर्टीच्या चौकटीतली आडवी रेघ तशीच ठेवली, खोडली नाही. शेजारी नवा तक्ता आखला. आधी जी वस्तूवार यादी काढली नव्हती ती सगळी काढली, बावीस सीनची. दीड तास लागला. पिस्तुलासमोर ९ आणि १४ असे दोन नंबर आले. शिवाय यादीत आणखी एक वस्तू निघाली : सीन अठरामध्ये आजोबा ‘धार बघतात’. कशाची, ते पटकथेत नव्हतं. सकाळी लेखकाला विचारलं तर तो म्हणाला, अडकित्ता. तो लिहून घेतला, आत, दिवस, आजोबांच्या हातात, मुलाच्या हाती नाही.

मंगळवारी विमान होतं. हातात सोमवार होता आणि बाहेरची कुठलीही जागा नव्हती. दिग्दर्शक रविवारी दिवसभर गप्प होता. संध्याकाळी त्याने फोन केला आणि विचारलं की ओमकडे काहीच नसलं तर? सोमवारी आमच्याच हॉलमध्ये, सोफ्यामागून, सीन चौदा झाला. मुलगा आधी उडी मारायलाच तयार नव्हता. काकांनी त्याला जवळ घेतलं, त्याची दोन बोटं सरळ केली, बाकीची मिटली, अंगठा वर धरला आणि स्वतः दोन्ही हात वर करून दाखवले.

तक्त्यात मी लिहिलं : सीन १४, आत, रात्र. प्रॉपर्टी : ओमचा उजवा हात.